काट्याने सांगितलेले वय

जालन्याच्या मोंढ्यात ज्याचा वावर आहे, त्याला काटा म्हणजे काय हे शिकवायला नको. कापसाची गाडी असो, सोयाबीनचे पोते असो की मोसंबीचे क्रेट असो, माल काट्यावर चढला की काटा एकच गोष्ट सांगतो : वजन. मालाची प्रत कशी आहे, ओल किती आहे, कापसाचा धागा लांब आहे की आखूड, हे तो सांगत नाही, आणि सांगू लागला तर अडत्याचाही त्यावर विश्वास बसणार नाही. ओल पाहण्यासाठी निराळे यंत्र लागते आणि धागा पाहण्यासाठी जाणता हात. असे असूनही, याच गावातील पुष्कळ शहाणी माणसे हल्ली घरच्या न्हाणीजवळ ठेवलेल्या किंवा व्यायामशाळेतील एका काचेच्या काट्यावर अनवाणी उभी राहतात आणि त्याने सांगितलेले आपले 'वय' निमूटपणे मान्य करतात. मोबाइलच्या पडद्यावर Metabolic Age किंवा Body Age अशी अक्षरे उमटतात आणि त्यापुढे एक आकडा येतो. बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला तो एकसष्ट सांगतो. गृहस्थ धास्तावतो, जेवण सोडतो. दुसऱ्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला तो तेहतीस सांगतो. तो माणूस खूश होतो आणि रक्तदाब तपासायचे लांबणीवर टाकतो. माझ्या मते या दोघांत दुसऱ्याचे नुकसान अधिक आहे.

या आकड्याला आपण 'चयापचयी वय' म्हणू. हा आकडा कोठून येतो आणि त्यात खरे किती, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम चयापचयाविषयी. आपण काही न करता स्वस्थ पडून राहिलो तरी शरीराचा कारखाना बंद पडत नाही. हृदय चालते, यकृत राबते, मूत्रपिंडे रक्त गाळतात, मेंदू जागा असतो, शरीराची ऊब टिकते. एवढ्यासाठी जी उष्णता दिवसाकाठी खर्च होते, तिला आधारभूत चयापचय म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला बीएमआर म्हणतात. मध्यम बांध्याच्या पुरुषात ती साधारण १४०० ते १६०० उष्मांक असते, स्त्रियांत काहीशी कमी. ही मोजायची खरी रीत कष्टाची आहे. माणसाने बारा तास उपाशी राहावे, सकाळी उठल्याबरोबर शांत खोलीत पडून राहावे, आणि त्याच्या श्वासोच्छ्वासातला वायू गोळा करून त्याने किती प्राणवायू वापरला ते मोजावे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या रुग्णालयांतून कंठग्रंथीच्या म्हणजे थायरॉइडच्या विकाराचे निदान असेच करीत असत. पुढे रक्ताच्या सोप्या चाचण्या आल्या आणि ती यंत्रे अडगळीत गेली.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. घरातला काटा तुमचा श्वास मोजत नाही. मग बीएमआर तो आणतो कोठून? तो गणिताने काढतो.

हे गणित जुने आहे. अमेरिकेत हॅरिस आणि बेनेडिक्ट या दोघांनी १९१९ साली १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून एक सूत्र बसवले. वजन, उंची आणि वय सांगा, सूत्र बीएमआर सांगेल. १९९० साली मिफ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ ते ७८ वयाच्या ४९८ माणसांवरून त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्यात पुरुषासाठी हिशेब असा आहे : वजनाच्या दर किलोला १०, उंचीच्या दर सेंटिमीटरला ६.२५, त्यात ५ मिळवायचे, आणि वयाच्या दर वर्षाला ५ वजा करायचे. शेवटचा हा आकडा मनात पक्का धरून ठेवावा. वयाचे एक वर्ष म्हणजे पाच उष्मांक. म्हणजे अर्धा चमचा साखरही नव्हे. वीस वर्षांच्या तरुणात आणि साठ वर्षांच्या गृहस्थात, वजन-उंची सारखी धरली तर, सूत्राप्रमाणे फरक फक्त २०० उष्मांकांचा पडतो. चाळीस वर्षांचे सगळे आयुष्य त्या दोनशे उष्मांकांत बसवलेले आहे.

याच्या शेजारी दुसरी एक रीत आहे. तिच्यात वय नाही आणि उंचीही नाही. शरीरातला मेद वगळून जे उरते, म्हणजे स्नायू, हाडे, रक्त, यकृतादी अवयव आणि त्यांतले पाणी, त्याला आपण मेदरहित वजन म्हणू. त्याच्या दर किलोला २१.६ उष्मांक धरायचे आणि वर ३७० मिळवायचे. मेद काही अगदीच निष्क्रिय नसतो, पण तो फार थोडे खातो, म्हणून त्याचा हिशेब सोडून दिलेला आहे.

आता काट्याचे काम कसे चालते ते सांगतो. कंपन्या आपापली अचूक सूत्रे उघड करीत नाहीत, तेव्हा मी जो हिशेब मांडणार आहे तो अमुक एका कंपनीचा आहे असे नव्हे. पण तत्त्व तेच आहे. काट्याच्या काचेवर धातूच्या पट्ट्या किंवा वर्तुळे असतात. त्यांवर अनवाणी उभे राहिले की एका पायातून विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह शिरतो आणि दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. तो एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो आणि सेकंदाला सुमारे ५० हजार आवर्तने पूर्ण करतो, म्हणून आपल्याला त्याची जाणीव होत नाही. पाणी आणि क्षार असलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते, मेदातून ती जात नाही. तेव्हा अडथळा जितका कमी तितके शरीरात पाणी अधिक, पाणी अधिक तर स्नायू अधिक, आणि उरलेले वजन ते मेदाचे, असे हे अनुमान आहे. मेदरहित भागात साधारण ७३ टक्के पाणी असते, हा ठोकताळा त्याच्या मुळाशी आहे. अशा रीतीने यंत्र मोजते फक्त दोन गोष्टी : वजन आणि विजेचा अडथळा. उंची, वय आणि स्त्री की पुरुष, हे तुम्हीच त्याला आधी सांगितलेले असते. बाकी सारे अनुमान.

आता एक कल्पित पण अशक्य नसलेले उदाहरण घेऊ. मोंढ्यातल्या एका आडतीवर एक मुनीम आहेत. वय ४२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. दिवसभर गादीवर बसून वही लिहिणे, आता संगणकावर लिहिणे. काट्याने त्यांना मेद ३१ टक्के सांगितला. म्हणजे मेद सुमारे २४ किलो आणि मेदरहित वजन ५३.८ किलो. दुसऱ्या रीतीने बीएमआर आला १५३२. आता यंत्र विचारते : ७८ किलो वजनाच्या आणि १६८ सेंटिमीटर उंचीच्या सरासरी पुरुषाचा बीएमआर कोणत्या वयात १५३२ असतो? पहिल्या रीतीने ७८० अधिक १०५० अधिक ५, मिळून १८३५. त्यातून १५३२ गेले, ३०३ राहिले. दर वर्षाला पाच या भावाने भागले की ६०.६. मुनीमजींच्या पडद्यावर आकडा उमटला : ६१.

त्याच आडतीवर पोती उचलणारे एक हमाल आहेत. वय तेच ४२, उंची तीच १६८. वजन मात्र ६२ किलो आणि मेद १५ टक्के. मेदरहित वजन ५२.७ किलो, बीएमआर १५०८. ६२ किलोच्या सरासरी माणसाचा हिशेब १६७५ वरून सुरू होतो. त्यातून १५०८ गेले, १६७ राहिले, पाचाने भागले, ३३. हमाल तेहतीस वर्षांचे.

येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या मुनीमजींना काट्याने म्हातारे ठरवले, त्यांची भट्टी दिवसाला १५३२ उष्मांक जाळते. ज्यांना तरुण ठरवले त्या हमालांची १५०८. चयापचय मंदावला म्हणून मुनीमजी एकसष्ट वर्षांचे झाले असे पडदा सुचवतो, पण त्यांचा चयापचय हमालांपेक्षा मंद तर नाहीच, काकणभर जास्तच आहे. मग वयात अठ्ठावीस वर्षांचा फरक पडला कशामुळे? दोघांची तुलना आपापल्या वजनाच्या सरासरी माणसाशी केली म्हणून. आणि त्या तुलनेत दोन्ही बाजूंना वजन असल्यामुळे शेवटी उरते ती एकच गोष्ट : वजनात मेदाचा वाटा किती. मेदाचाच टक्का घेतला, त्याला सूत्रांच्या दोन चाळण्यांतून गाळला आणि त्याला वर्षांचा अंगरखा घातला, हेच चयापचयी वय. त्यात टक्केवारीहून अधिक माहिती काही नाही. उलट कमीच आहे, कारण '३१ टक्के' हा शब्द निदान आपण कशाविषयी बोलतो ते तरी सांगतो.

आणि हा अंगरखा फार सैल शिवलेला आहे. मुनीमजींचा मेद एक टक्क्याने इकडेतिकडे झाला तर मेदरहित वजनात पाऊण किलोचा फरक पडतो, बीएमआरमध्ये सतरा उष्मांकांचा, आणि वयात साडेतीन वर्षांचा. २९ टक्के वाचला तर मुनीमजी ५४ वर्षांचे; ३३ वाचला तर ६७. पायाखालच्या या काट्यांनी एकेका माणसाच्या बाबतीत तीन-चार टक्के चुकणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. शिवाय सूत्रांचीही चूक आहेच. उत्तम सूत्रही पुष्कळ माणसांच्या बाबतीत प्रत्यक्ष मोजलेल्या बीएमआरपासून पाच-दहा टक्के दूर पडते, काहींच्या बाबतीत त्याहूनही. पंधराशेचे दहा टक्के म्हणजे दीडशे उष्मांक. पाचाने भागा : तीस वर्षे! ज्या काट्यात क्विंटलमागे दहा किलोंची खोट आहे त्यावर सोने तोलावे, तसा हा प्रकार आहे.

चूक होते कोठे, हेही पाहण्यासारखे आहे, कारण ते आपल्या इकडच्या हवेशी आणि कामाशी जुळलेले आहे. जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यात भट्टीपाशी आठ तास काम करून आलेला माणूस, किंवा वैशाखात घनसावंगी-अंबडकडे रानात राबून आलेला शेतकरी, घामाने शरीरातले बरेच पाणी गमावून बसलेला असतो. पाणी कमी झाले की विजेला अडथळा वाढतो, आणि यंत्र समजते की मेद वाढला. त्याच वेळी कष्टाने कातडी तापलेली आणि रक्ताने भरलेली असते, तिच्यामुळे अडथळा कमीही होतो. या दोन्हींपैकी कोणते वरचढ ठरेल ते त्या घटकेवर अवलंबून आहे. टाचांना भेगा आणि तळव्यांना घट्टे असतील तर पट्टी आणि पाय यांचा संबंध नीट जुळत नाही आणि वाचन बिघडते. आणि सर्वांत गमतीची गोष्ट पाण्याची. आलेल्या माणसाने लिटरभर पाणी पोटात घातले आणि लगेच काट्यावर चढला, तर वजन एक किलोने वाढते, पण पोटातले ते पाणी विजेच्या वाटेवर नसते. अडथळा जवळजवळ तोच राहतो. म्हणून यंत्र तो किलो मेदाच्या खात्यात जमा करते. आपल्या हिशेबात ७८ चे ७९ झाले, १८३५ चे १८४५, बीएमआर तेच १५३२. वय एकसष्टच्या ऐवजी त्रेसष्ट. प्रत्यक्ष यंत्रांच्या सूत्रांत वजनही मिसळलेले असते म्हणून फरक याहून थोडा कमी पडेल, पण दिशा हीच. तांब्याभर पाण्याने माणूस दोन वर्षांनी म्हातारा झाल्याचे वैद्यकाच्या इतिहासात दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

विजेच्या वाटेविषयी बोललो ते अधिक स्पष्ट करतो. पायातून शिरलेला प्रवाह एका पायाने चढतो, ओटीपोटाच्या खालच्या भागातून वळतो आणि दुसऱ्या पायाने उतरतो. छाती, हात आणि पोटाचा वरचा भाग त्याच्या वाटेत येतच नाही. हातात धरायचा दांडा असलेली महाग यंत्रे आहेत, त्यांत प्रवाह हातापासून पायापर्यंत जातो. पण तेथेही अडचण आहे. धडाचे वजन शरीराच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि धड जाड व आखूड असल्यामुळे एकंदर अडथळ्यात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. पोटातल्या मेदाची बित्तंबातमी विजेला अशी तुटपुंजीच मिळते. आणि आपल्या लोकांचा धोका तर नेमका पोटात आहे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन यडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचेच छायाचित्र आणि मोजमापे छापली. दोघांचा देहभार-निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा : २२.३. पण क्ष-किरणांनी मेद मोजला तेव्हा यडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या नावांच्या आद्याक्षरावरून या प्रकाराला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव पडले. आता विचार करा. उंची आणि वजन यांवर भिस्त ठेवणारे कोणतेही सूत्र या दोघांना एकाच रांगेत बसवील. विजेचा अडथळा मोजणारे यंत्र फरक काही अंशी ओळखील खरे. पण अडथळ्यावरून मेद काढण्याचे सूत्र ज्या लोकांच्या शरीरांवर बसवले त्यांचा बांधा, पायांची लांबी आणि मेदाची ठिकाणे आपल्यासारखी नसतील, तर उत्तर तेवढ्यापुरते सरकणारच. बीएमआरच्या बाबतीतही हेच आहे. पाश्चात्त्य लोकांवरून बसवलेली सूत्रे भारतीयांचा बीएमआर थोडा जास्त सांगतात, हे आपल्याकडील शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे, आणि आहाराच्या शिफारशी ठरवताना भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय सूत्रांतून सुमारे पाच टक्के कमी केले होते. पाच टक्के म्हणजे पंच्याहत्तर उष्मांक. काट्याच्या भाषेत पंधरा वर्षे.

इथवर मी हिशेबाच्या चुका सांगितल्या. पण समजा, उद्या एखाद्याने निर्दोष यंत्र केले, बीएमआर अचूक मोजला. मग तरी त्यावरून वय काढता येईल काय? मूळ गृहीत असे आहे की वयाबरोबर चयापचयाची भट्टी वर्षावर्षाला मंद होत जाते, जशी घड्याळाची चावी उतरते. हे गृहीतच २०२१ साली डळमळले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. २९ देशांतील, आठ दिवसांच्या तान्ह्या मुलापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत, ६४०० हून अधिक माणसांची मोजमापे त्यांनी एकत्र केली होती. शरीराचा आकार आणि मेदरहित वजन यांचा हिशेब वजा केल्यावर काय दिसले? वर्षाच्या मुलाची भट्टी त्याच्या आकाराच्या मानाने मोठ्या माणसाच्या दीडपट पेटलेली असते. मग ती हळूहळू विसावत विशीपर्यंत स्थिर होते. आणि वीस ते साठ या चाळीस वर्षांत ती जवळजवळ जशीच्या तशी राहते. साठीनंतर मात्र ती वर्षाला साधारण ०.७ टक्का या गतीने उतरू लागते.

म्हणजे मिफ्लिनच्या सूत्रातले दर वर्षाचे पाच उष्मांक खोटे होते काय? खोटे नव्हते. त्या सूत्राला मेद आणि स्नायू यांची वेगळी माहितीच दिलेली नव्हती. माणूस चाळिशी-पन्नाशीकडे जातो तसा बहुधा त्याचा स्नायू घटतो आणि मेद वाढतो, आणि सूत्र हा सरासरी बदल वयाच्या नावावर टाकते. त्यात गैर काही नाही, कारण ते सूत्र आहारतज्ज्ञाला रोग्याच्या उष्मांकांचा अंदाज यावा म्हणून केलेले होते, माणसाचे वय ओळखावे म्हणून नव्हे. काट्याने ते उलटे चालवले. उंचीवरून बुटाचे माप साधारण सांगता येते. म्हणून बुटाच्या मापावरून माणसाची उंची इंचापर्यंत सांगू पाहणारा चांभार आपण शहाणा म्हणणार नाही.

शिवाय 'भट्टी जोरात म्हणजे तारुण्य' हे समीकरण तरी कोठे खरे आहे? ताप चढला की चयापचय वाढतो. फॅरनहाइटच्या दर अंशाला साधारण सात टक्के हा वैद्यकातला जुना ठोकताळा आहे. १०२ ताप असलेल्या रोग्याचा बीएमआर या मानाने वीस-पंचवीस टक्क्यांनी चढलेला असतो. मुनीमजींना असा ताप आला आणि कोणी खरोखर त्यांचा बीएमआर मोजला, तर काट्याच्या रीतीने त्यांचे वय उणे निघेल, म्हणजे ते अजून जन्मलेलेच नाहीत! कंठग्रंथी बिघडून अतिरेकी काम करू लागली की तसेच होते. माणूस वाळतो, हात थरथरतात, हृदय धडधडते, आणि चयापचय मात्र 'तरुण'. उणे आकडा पडद्यावर येऊ नये याची व्यवस्था यंत्रवाल्यांनी केलेली असते. मेदमापक काटे करणाऱ्या टानिटा या जपानी कंपनीच्या पुस्तिकेत हे वय १२ ते ९० या मर्यादेत दाखवले जाते, असे स्पष्ट लिहिलेले असते. हिशेबात बाराच्या खाली आले तरी १२, नव्वदच्या वर गेले तरी ९०. या कुंपणाची गरज पडावी, यातच सारे आले.

व्यायामशाळेत आणखी एक समजूत ऐकू येते, तिचाही उलगडा येथेच करतो. स्नायू वाढवा, भट्टी पेटेल, वय उतरेल. स्नायू वाढवणे चांगलेच, त्याची कारणे वेगळी आहेत. पण विश्रांतीच्या वेळी एक किलो स्नायू दिवसाला फक्त तेरा-चौदा उष्मांक खातो. यकृत आणि मेंदू यांचा एक किलो दोनशे किंवा त्याहून अधिक खातो. यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे मिळून शरीराच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच भरतात, पण आधारभूत खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा. २१.६ हा आकडा त्या सर्वांची सरासरी आहे. दंड भरले म्हणून यकृत वाढत नाही. तरीही यंत्र नव्या स्नायूच्या किलोला २१.६ च्या भावानेच जमा करते आणि तुम्हाला काही वर्षांनी तरुण करून पाठवते.

ज्याला स्वतः खात्री करून घ्यायची असेल त्याच्यासाठी एक प्रयोग सांगतो. मोबाइलमध्ये आपल्याच नावाचे दुसरे खाते उघडावे. उंची आणि लिंग तेच ठेवावे, जन्मवर्ष मात्र पंधरा वर्षे अलीकडचे द्यावे. पहिल्या खात्यावर वजन करावे, उतरावे, आणि लगेच दुसऱ्या खात्यावर पुन्हा चढावे. शरीर तेच, वजन तेच, अडथळा तोच. चयापचयी वय हे खरोखर शरीरातून वाचलेले असते तर दोन्ही वेळा एकच आकडा यायला हवा. तो बदलला, आणि जितका नव्या जन्मवर्षाच्या मागे गेला, तितके ते उत्तर तुम्हीच दिलेल्या माहितीतून परत आले असे समजावे. काही स्वस्त काट्यांत तर मेदाचा टक्का सुद्धा वयाबरोबर हलतो. ज्योतिषाला आधी स्वतःच सगळे सांगावे आणि मग त्याने ओळखले म्हणून आश्चर्य करावे, तशातलाच हा प्रकार.

शरीराचे 'खरे' वय मोजण्याचा शास्त्रीय प्रयत्न मुळीच चाललेला नाही, असे मात्र कोणी समजू नये. पेशींतल्या डी. एन. ए. वर वयाबरोबर ज्या रासायनिक खुणा बसतात, त्यांवरून वय ओळखण्याची रीत स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ साली मांडली, आणि तिच्यावर पुष्कळ काम चालू आहे. त्या रीतींचेही आपसांत नेहमी पटत नाही. पण तो विषय वेगळा आहे आणि त्याला पेशींचा नमुना लागतो. पायाखालच्या काचेचा त्याच्याशी संबंध नाही.

मग काटा फेकून द्यावा काय? तसे मी म्हणत नाही. त्याच्यातला वजनाचा भाग बहुधा चोख असतो. मेदाचा टक्का हा नेमका आकडा म्हणून नव्हे तर कल म्हणून वापरावा : सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, कोरड्या स्वच्छ पायांनी, नेहमी त्याच सपाट फरशीवर, आणि रोजचा आकडा न पाहता महिन्या-दोन महिन्यांची सरासरी पाहावी. तीन महिन्यांत सरासरी तीन-चार टक्क्यांनी एका दिशेने सरकली तर काही घडते आहे असे म्हणता येईल. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी या विजेच्या काट्यावर चढूच नये, आणि गर्भवती स्त्रियांनी त्याचा मेदाचा भाग वापरू नये.

मुनीमजींना काय सांगावे? त्यांचा मेद अधिक आहे हे बहुधा खरे आहे, पण ते शिंप्याच्या फितीनेही कळले असते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे गेली की मधुमेहाचा धोका वाढतो, असे मानले जाते. फीत बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता धरावी; पँटचे माप धरू नये, कारण पँट पोटाच्या खाली उतरलेली असते. त्यांनी उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आणि रक्तदाब पाहून घ्यावा. हे सारे जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात होऊ शकते. आणि जेवण मात्र सोडू नये. उपासमारीने मेदाबरोबर स्नायूही जातो, आणि मग वजन उतरूनही काट्यावरचे वय तेवढेच राहते किंवा चढते. माणूस अधिकच घाबरतो आणि अधिकच उपाशी राहतो.

हमालांनाही तीच तपासणी करायला सांगावी. पाठीवर पोती वाहून त्यांचा मेद कमी राहिला आहे, पण तंबाखूची चंची कमरेला आहे की नाही, रक्तदाब किती आहे, गुडघे आणि मणके किती झिजले आहेत, यांतले काहीही विजेच्या त्या प्रवाहाला वाटेत भेटलेले नाही. तेहतीस हा आकडा त्यांच्या हृदयाविषयी नाही, धमन्यांविषयी नाही आणि पाठीच्या कण्याविषयीही नाही. तो त्यांच्या पंधरा टक्के मेदाविषयी आहे.